घाबरणं वेगळं, टाळणं वेगळं : कुत्र्याची नखं आणि मुलीचा गृहपाठ

"गृहपाठाची वही काढली की हिच्या पोटात दुखायला लागतं आणि ही टेबलावरून उठून जाते. बक्षीस लावून झालं, ओरडून झालं, काही फरक नाही." मुलांच्या समुपदेशनात असलेल्या कुणालाही हे वाक्य थोड्याफार फरकाने दर महिन्याला ऐकू येतं. त्यात दोन गोष्टी एका दमात सांगितल्या जातात आणि तिथेच घोळ होतो. पोटात दुखणं ही मुलगी करत नाही, ते तिला होतं. उठून जाणं मात्र ती करते. पहिली गोष्ट एका पद्धतीने शिकली गेली आहे, दुसरी वेगळ्या. त्यामुळे दोन्हींवर उपायही एक नाही. बक्षिसाने पोटदुखी जात नाही, आणि नुसतं जवळ घेऊन समजावल्याने उठून जाणं थांबत नाही.

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या दोन पद्धतींना अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान म्हणतात. नावं जड आहेत. या लेखापुरतं आपण पहिलीला 'संकेताचं शिकणं' आणि दुसरीला 'बक्षिसाचं शिकणं' म्हणू. आधी कुत्र्यावर ही विभागणी नीट पाहू, कारण तिथे बोलणं मध्ये येत नाही आणि काय चाललंय ते स्वच्छ दिसतं. मग मुलीच्या वहीकडे येऊ.

फरक नेमका कुठे आहे

इव्हान पाव्हलोव्ह हा मुळात पचनसंस्थेवर काम करणारा रशियन शरीरशास्त्रज्ञ. 1904 सालचं नोबेलही त्याला पचनावरच्या कामासाठीच मिळालं. कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी छोट्या शस्त्रक्रियेने गालातून बाहेर काढायची आणि किती थेंब लाळ पडते ते मोजायचं, अशी त्याची पद्धत होती. अन्न तोंडात पडायच्या आधीच, खाऊ घालणारा माणूस येताना दिसला तरी लाळ गळते, हे त्यातून लक्षात आलं. पुढे त्याने मेट्रोनोमची टिकटिक ऐकवायची आणि लगेच अन्न द्यायचं असं पुन्हा पुन्हा केलं. काही फेऱ्यांनंतर नुसत्या टिकटिकीवर लाळ सुटू लागली. कुत्र्याने यात काहीच 'केलं' नव्हतं. टिकटिकीनंतर अन्न येतं एवढंच त्याच्या शरीराला कळलं होतं.

त्याच सुमारास अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक मांजरांना लाकडी फळ्यांच्या पेटीत कोंडून ठेवत होता. दोरी ओढली किंवा खिटी दाबली की दार उघडायचं आणि बाहेर खाऊ असायचा. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, धडपडायचं, आणि कधीतरी चुकून दोरी ओढली जायची. पुढच्या खेपांना बाकीची धडपड कमी होत गेली आणि दोरीकडे जाणं लवकर होऊ लागलं. 1898 साली त्याने हे काम प्रसिद्ध केलं. पुढे बी. एफ. स्किनरने 1930 च्या दशकापासून हाच धागा पकडून उंदरांवर आणि कबुतरांवर तपशीलवार काम केलं. इथे खाऊ येतो तो प्राण्याने काहीतरी केलं म्हणून.

कागदावर हा फरक सोपा वाटतो. घरात तो ओळखायला कठीण जातो, कारण दोन्हीकडे शेवटी खाऊच असतो. म्हणून मला 1965 सालचा फ्रेड शेफील्डचा प्रयोग फार उपयोगी वाटतो. पाव्हलोव्हइतका तो प्रसिद्ध नाही. त्याने कुत्र्यांना आवाज ऐकवून अन्न दिलं, पण एक अट घातली : आवाज सुरू असताना अन्न येण्याआधी लाळ गाळलीस तर त्या खेपेचं अन्न रद्द. म्हणजे लाळ गाळणं कुत्र्याच्या तोट्याचं होतं. लाळ ही बक्षिसासाठी केलेली कृती असती तर कुत्रा तोंड कोरडं ठेवायला शिकला असता. तसं झालं नाही. खेपांमागून खेपा अन्न हुकत गेलं तरी आवाज आला की लाळ सुटतच राहिली.

घरी चाचणी म्हणून हाच प्रश्न विचारायचा : या वागण्याने नुकसान होत असूनही ते थांबत नाही का? मग ते बहुधा संकेताने शिकलेलं आहे. फायदा बंद केल्यावर ते कमी होतं का? मग ते बक्षिसाने शिकलेलं आहे.

पहिली पायरी : आठवडाभर तीन रकाने

उपायाला हात घालण्याआधी एक आठवडा नुसतं लिहून काढा. वहीच्या पानावर तीन रकाने करा : आधी काय घडलं, मग काय झालं, त्यानंतर लगेच काय मिळालं किंवा काय टळलं. 'हट्टी', 'आळशी', 'नाटकी' असे शब्द त्यात नकोत. डोळ्याला दिसलं आणि कानाला ऐकू आलं तेवढंच.

तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात. "काही नाही मिळालं, मी तर लक्षच दिलं नाही," असं म्हणतात. पण नकोशी गोष्ट टळणं हेही मिळणंच आहे. समजा, काळू नावाचा आपला कुत्रा नखं कापायचं कटर पाहून गुरगुरला आणि तुम्ही "जाऊ दे, उद्या बघू" म्हणून कटर ड्रॉवरमध्ये ठेवलं, तर त्या गुरगुरण्याला मोबदला मिळाला. पुस्तकी भाषेत याला ऋण प्रबलन म्हणतात. ही शिक्षा नव्हे, सुटका झाल्यामुळे पक्कं झालेलं वागणं आहे. दोघांत गल्लत करू नका, परीक्षेतसुद्धा इथेच मार्क जातात.

दुसरी पायरी : कुत्र्याची भीती उलटवणं

काळूचं नख कधीतरी खोलवर कापलं गेलं असं धरू. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असते, ती कापली तर रक्त येतं आणि सणक जाते. काळ्या नखात ती दिसतही नाही. तेव्हापासून कटर दिसलं की तो ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो आणि मग सोफ्याखाली जातो. ओठ चाटणं, जांभई आणि तिरकी नजर या भीतीच्या खुणा आहेत. सोफ्याखाली जाणं ही कृती आहे. आधी भीतीकडे बघायचं.

कटर दिसलं की काहीतरी चांगलं येतं, असा नवा संकेत शिकवायचा. कटर सहा-सात फुटांवर धरा. काळूने बघितलं की एक-दोन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा मटाराच्या दाण्याएवढा तुकडा द्या. कटर पाठीमागे लपवा, चिकन बंद. थोडं थांबा, पुन्हा कटर, पुन्हा तुकडा. पाच-सहा वेळा झालं की संपवा. दिवसातून दोनदा पुरे. यात त्याने बसावं, शांत राहावं अशी कुठलीही अट नाही. कटर दिसलं म्हणून तुकडा, एवढंच.

दोन गोष्टींत लोक चुकतात. पहिली क्रमाची. खाऊ आधी दाखवून कुत्र्याला जवळ बोलावायचं आणि मग खिशातून कटर काढायचं, असं केलं तर कटर खाऊचा संकेत होत नाही, खाऊ कटरचा संकेत होतो. चार दिवसांनी कुत्रा चिकन दाखवलं तरी लांब पळतो आणि घरचे म्हणतात, "याला चिकनसुद्धा चालत नाही आता." कटर आधी, खाऊ नंतर, आणि कटर दिसेपर्यंत हात पिशवीकडे जाता कामा नये. नाहीतर पिशवीची खसखस हाच संकेत होऊन बसतो आणि कटर तिथल्या तिथे राहतं.

दुसरी चूक अशी की तोच खाऊ दिवसभर येताजाता मिळत असतो. 1968 साली रॉबर्ट रेस्कोर्लाने उंदरांवर दाखवून दिलं की आवाजाबरोबर विजेचा झटका जितका येतो तितकाच आवाज नसतानाही येत असेल, तर आवाजाची भीती बसत नाही. नुसत्या जोडीने काम भागत नाही, संकेताने काहीतरी नवी माहिती द्यावी लागते. खाऊचंही तसंच. चिकन फक्त कटरबरोबरच यायला हवं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो : घाबरल्यावर खायला दिलं तर भीतीचे लाड होतील, ती वाढेल. नाही होत. भीती ही केलेली कृती नाही, त्यामुळे मोबदला देऊन ती वाढवता येत नाही. शेफील्डच्या कुत्र्यांना लाळ आवरता आली नाही, तसंच हे. भुंकणं मात्र वाढवता येतं, म्हणून दोन्ही एका मापाने मोजू नका.

पुढे कसं सरकायचं ते कुत्रा सांगतो. कटर दिसल्यावर तो ताठरायच्या ऐवजी मान वळवून तुमच्या हाताकडे बघू लागला, 'कुठाय चिकन?' अशा नजरेने, की एक फूट जवळ या. मग पंज्याजवळ, मग पंज्याला नुसता स्पर्श, मग कटरने काडेपेटीची काडी कापून त्याचा 'कट्' आवाज ऐकवणं, मग एका नखाचं फक्त टोक. खाऊ घेईनासा झाला म्हणजे तुम्ही फार जवळ गेलात. दोन टप्पे मागे जा. गुरगुरला तरी रागवू नका. गुरगुरणं ही सूचना आहे, ती दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. आणि पंजा धरताच ओरडत असेल, लंगडत असेल, तर हा शिकवण्याचा विषय नाही, आधी पशुवैद्याकडे न्या.

तिसरी पायरी : आता अट घाला

कटर जवळ आल्यावर काळू शांत राहू लागला की बक्षिसाचं शिकणं सुरू करता येतं. त्याआधी नाही. 'पंजा' म्हणायचं, पंजा जमिनीवरून जरा उचलला तरी 'हो' म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. इथे नियम उलटा आहे : पंजा नाही तर तुकडा नाही. 'हो' हा शब्द त्या क्षणावर बोट ठेवतो. तुकडा हातातून तोंडापर्यंत जायला दोन-तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात कुत्र्याने आणखी तीन गोष्टी केलेल्या असतात. सुरुवातीला प्रत्येक वेळी तुकडा द्या, पंजा पूर्ण हातात येऊ लागला की मधूनमधून.

दुसऱ्या पायरीत खाऊ बिनशर्त होता, इथे सशर्त आहे. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे एक माणूस कुत्र्याला चिकन भरवताना दिसेल, पण आत दोन वेगळी कामं चालू असतात. क्रम उलटा केला, म्हणजे भीती असतानाच 'पंजा दे, मग चिकन' म्हटलं, तर कुत्रा द्विधा होतो : चिकन हवंय, कटर नकोय. कधी पंजा देतो आणि कधी देता देता चावतो.

चौथी पायरी : ओवीची वही

आता एक नमुना घेऊ. ओवी आठ वर्षांची, तिसरीत. आईने आठवडाभर लिहिलेल्या कागदावर साधारण हे दिसतं. संध्याकाळी साडेसहाला आई गणिताची वही काढते. ओवी "पोटात दुखतंय" म्हणते, पाणी प्यायला जाते, खिडकीशी उभी राहते. आई म्हणते, "बरं, जेवल्यावर कर." पाच मिनिटांत पोटदुखी थांबते. जेवल्यावर बाबा घेऊन बसतात, दुसऱ्या गणिताला आवाज चढतो, ओवी रडते, शेवटी बाबाच उत्तर सांगतात आणि ती लिहून घेते. मराठीच्या वहीला यातलं काहीच होत नाही. रविवारी पोट दुखत नाही.

इथे दोन्ही शिकणी एकमेकांत गुंतली आहेत. गणिताच्या वहीमागून ओरडा येतो, म्हणून वही हा ओरड्याचा संकेत झाला. पोटात जे ढवळतं ते खरं आहे, त्याला नाटक म्हणू नका. आणि पोटात दुखतंय म्हटल्यावर वही बंद होते, म्हणजे सुटका होते, म्हणून ते म्हणणं आणि उठून जाणं पक्कं झालं. ओ. एच. मोरर यांनी 1947 मध्ये भीती आणि टाळण्याचं असंच दुहेरी स्पष्टीकरण दिलं होतं : भीती संकेताने बसते, आणि टाळल्यावर मिळणारी सुटका तिला टिकवून ठेवते, कारण टाळणाऱ्याला संकेतामागे आता ओरडा नाही हे कळायची संधीच मिळत नाही.

कागद नीट वाचला तर आईबाबाही शिकताना दिसतात. "जेवल्यावर कर" म्हटलं की किरकिर थांबते, हा आईचा मोबदला. ओरडल्यावर ओवी दोन मिनिटं तरी खाली मान घालून लिहिते, हा बाबांचा. म्हणून दोघंही दुसऱ्या दिवशी तेच करतात. "आपणच का बदलायचं?" असं बाबा विचारतात तेव्हा मी या तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवते.

पण आणखी एक शक्यता तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही : तिला ते गणित येतंय का? ओवीच्या वहीत 503 वजा 178 चं उत्तर 475 आहे. हे उत्तर कुठून आलं पाहा. 3 मधून 8 जात नाहीत, म्हणून तिने 8 मधून 3 काढले, 5. 0 आणि 7, तर 7. 5 मधून 1, तर 4. प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा केलं आहे. हा आळस नाही, हातचा न समजल्याची नेमकी खूण आहे. चॉकलेट देऊन हातचा येत नाही. पाचशेची एक नोट आणि एक रुपयाची तीन नाणी घ्या. पाचशे मोडून शंभराच्या चार आणि दहाच्या दहा नोटा करा, मग दहाची एक मोडून दहा नाणी. आता हातात शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी. त्यातून 1, 7 आणि 8 काढा : 3, 2, 5. मधला शून्य नऊ कसा झाला ते तिने स्वतःच्या हाताने मोडून पाहिलं पाहिजे. हे शिकवायचं काम गृहपाठाच्या वेळेबाहेर करा, वही जवळ नको.

पाचवी पायरी : वहीचा संकेत बदलणं

1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या तीन वर्षांच्या आतल्या मुलाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात लांब ठेवायचा आणि दिवसागणिक थोडा जवळ आणायचा. त्यांनी तेव्हाच सावध केलं होतं की हे निष्काळजीपणे केलं तर उलटंही होऊ शकतं, खाण्याचीच भीती बसायची. ओवीसाठी ससा म्हणजे गणिताची वही.

पहिले दोन आठवडे ओरडा पूर्ण बंद. 'कमी' नाही, बंद. अधूनमधून ओरडा आला तरी संकेत ताजा राहतो. जागा बदला, डायनिंग टेबलाऐवजी बाल्कनीत सतरंजीवर बसा. वेळ पाच ते सात मिनिटं. वही उघडली की तिला हमखास येणारी तीन गणितं, 47 वजा 12 सारखी, हातच्याशिवायची. ती झाली की लगेच तिला आवडणारं काहीतरी, दोघींनी मिळून कोडं सोडवणं किंवा गप्पा, आणि वही बंद. पोटात ढवळायला लागायच्या आत थांबायचं, म्हणजे तुम्ही बंद करायचं, तिच्या तक्रारीने बंद व्हायचं नाही. वर्गशिक्षिकेला भेटून दोन आठवडे गृहपाठ कमी करून घ्या. बहुतेक शिक्षिका मान्य करतात, फक्त जाऊन सांगावं लागतं.

क्रम इथेही सांभाळा. "बाळा, इकडे ये, तुला चॉकलेट देते" म्हणून बोलवायचं आणि मग वही काढायची, असं करणाऱ्या घरांत मुलं चॉकलेटला नाही, त्या लाडिक स्वराला घाबरायला लागतात. 'बाळा' म्हटलं की मूल ताठ होतं.

बाबांनी सुरुवातीला या वेळी बाजूला बसू नये, हे त्यांना सांगणं अवघड जातं. पण बाबांचं खुर्ची सरकवणं हाही आता संकेत आहे, जसं पाव्हलोव्हच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्याचं येणं. बाबांनी या दिवसांत तिच्याबरोबर कॅरम खेळावा. वहीशी त्यांची गाठ तिसऱ्या आठवड्यात, तेही आधी नुसतं शेजारी बसून स्वतःचं काहीतरी वाचत.

सहावी पायरी : सुटकेची वाट बदलणं आणि बक्षीस

भीती उतरू लागली तरी "पोटात दुखतंय" चालू राहू शकतं, कारण त्याचा फायदा अजून आहे. म्हणून सुटका वेगळ्या मार्गाने मिळेल अशी सोय करा. दोन गणितं झाली की ओवी 'ब्रेक' म्हणू शकते, तीन मिनिटं उठायचं, मग परत. पोटात दुखतंय म्हणाली तर पाणी द्या, पाठीवर हात फिरवा, आजचं काम एका गणितावर आणा. पण ते एक गणित आजच, आत्ता. सहानुभूती पूर्ण, सुटका नाही. ताप, उलटी, रात्री झोपेतून उठवणारी किंवा सुट्टीच्या दिवशीही होणारी पोटदुखी असेल तर मात्र आधी डॉक्टर.

असं केल्यावर पहिले काही दिवस तक्रार वाढेल. पूर्वी चालणारी युक्ती चालेनाशी झाली की माणूस आधी ती जोरात करून बघतो. बंद पडलेल्या लिफ्टचं बटण आपण दहा वेळा दाबतो तसं. याच टप्प्यावर आजी म्हणते, "पोरगी रडतेय, राहू दे आज," आणि वही मिटते. तेव्हा ओवी शिकते की आणखी रडलं तर सुटका होते. कधी मिळणारं आणि कधी न मिळणारं बक्षीस नेहमी मिळणाऱ्यापेक्षा जास्त चिवट सवय लावतं. म्हणून सुरू करण्याआधीच आजीला विश्वासात घ्या आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ही पायरी सुरूच करू नका.

बक्षीस कशाला द्यायचं? बरोबर उत्तराला नाही, गुणांना तर नाहीच. तिच्या हातात असलेल्या गोष्टीला : वही स्वतः काढली, बसली, पहिलं गणित सुरू केलं. तिच्यासमोर, त्या क्षणी, कागदावर एक बरोबरची खूण. पाच खुणा झाल्या की खाली बॅडमिंटन. खाऊ किंवा पैसे लागत नाहीत. डेव्हिड प्रीमॅकने 1959 मध्ये मांडलं की मूल आपणहून जास्त करतं ती गोष्ट, कमी करतं त्या गोष्टीचं बक्षीस होऊ शकते. बॅडमिंटनला ती तशीही जाणारच असते, फक्त क्रम लावायचा. "रविवारी मॉलमध्ये नेतो" हे आठ वर्षांच्या मुलीसाठी मंगळवारच्या वजाबाकीपासून फार लांब आहे.

खुणा कायम ठेवायच्या नाहीत. सुरळीत चालू लागलं की गणितामागे खूण देण्याऐवजी पानामागे, मग दिवसामागे. आणि तिला मुळातच आवडतं त्याला बक्षीस लावू नका. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर हे पाहिलं. ज्यांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असं आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांत तसं झालं नाही. ओवी मराठीचे निबंध हौसेने लिहीत असेल तर तिथे खुणांचा कागद नेऊ नका.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं

गुण बघू नका, ते फार उशिरा हलतात. वही बाहेर आल्यापासून पहिला आकडा लिहीपर्यंत किती वेळ जातो ते मोजा आणि रोज एक आकडा लिहून ठेवा. वेळ कमी होतोय पण पोटदुखी तशीच आहे, तर बक्षीस काम करतंय आणि भीती राहिली आहे : पाचव्या पायरीवर परत या, गणितं आणखी सोपी करा. पोटदुखी गेली पण ती तरीही रेंगाळते, तर भीती उतरली आहे आणि सुटका अजून कुठूनतरी मिळते आहे : तिसरा रकाना पुन्हा भरा. दोन्ही कमी झालं आणि उत्तरं मात्र चुकतात, तर शिकवण्याचा भाग कच्चा आहे. नोटा मोडूनही हातचा महिनाभर बसत नसेल, अंक उलटसुलट लिहिले जात असतील, फळ्यावरचं उतरवताना ओळी गळत असतील, तर नेत्रतपासणी आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. तिथे कुठलंही बक्षीस उपयोगाचं नाही, आणि बक्षीस हुकत राहिलं तर वहीची भीती नव्याने बसते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पोटदुखी परत आली तर सगळं वाया गेलं असं समजू नका. भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं चढतं. मध्ये खंड पडला की जुनं पुन्हा डोकं वर काढतं. पाव्हलोव्हलाही कुत्र्यांत हेच दिसलं होतं : बंद झालेली लाळ विश्रांतीनंतर परत सुटायची. काळूचंही पावसाळ्यात नखं कापायची राहून गेली तर तसंच होईल. अशा वेळी जिथे थांबला होतात तिथून नाही, दोन टप्पे खालून सुरू करा. कटर चार फुटांवर, आणि वहीत पहिल्या दिवशी हातच्याशिवायची तीन गणितं. या खेपेला वर चढायला पहिल्याइतके दिवस लागत नाहीत.